वेबिनारच्या प्रश्नोत्तरांचा सारांश आणि उत्तर राहून गेलेले प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबिनारचा मुख्य भाग टिपून घेणं तुलनेनं सोपं असतं, कारण वक्त्याच्या स्लाइड हाताशी असतात. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत प्रश्न सुरू झाले की टिपणाऱ्याची खरी धावपळ होते. सत्रांचे सारांश करणारे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं सगळी एकाच सत्रातली घेतली आहेत. विषय होता घरच्या घरी रक्तदाब कसा मोजावा. एक डॉक्टर वक्ते, एक सूत्रसंचालक, आणि सारांश करायला मी.

प्रश्नोत्तरांचा सारांश म्हणजे नेमकं काय लिहायचं? सगळं बोलणं उतरवून काढलं तर बिघडलं कुठे?

बिघडत काही नाही, फक्त ते कोणी वाचत नाही. बोलताना वक्ता आधी प्रश्न घोळवतो, मग एक किस्सा सांगतो, मधेच आधीच्या प्रश्नाकडे वळतो आणि खरं उत्तर चौथ्या वाक्यात देतो. वाचणाऱ्याला ते चौथं वाक्य हवं असतं.

म्हणून प्रत्येक प्रश्नामागे तीन गोष्टी पुरतात: नीट केलेला प्रश्न, दोन-तीन वाक्यांत उत्तर, आणि त्या प्रश्नाचं शेवटी काय झालं याची एक नोंद. या तिसऱ्या नोंदीला आम्ही 'निकाल' म्हणतो. निकाल नसेल तर सारांश वाचून असं वाटतं की जे विचारलं गेलं त्या सगळ्याला उत्तरं मिळाली. ज्याचा प्रश्न राहून गेला त्याला तेवढ्यावरून कळतं की आपलं नाव यादीतून गळलंय.

प्रश्न कुठून कुठून गोळा करायचे?

तीन ठिकाणांहून, आणि तिन्ही पाहिल्याशिवाय मोजायला बसू नका.

पहिलं ठिकाण म्हणजे प्रश्नोत्तरांची खास चौकट. झूमवर वेबिनार संपल्यावर यजमानाच्या खात्यातून `Q&A Report` उतरवून घेता येतो. प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव आणि उत्तर असे रकाने असलेली ती सीएसव्ही फाइल असते. दुसरं ठिकाण म्हणजे चॅट. प्रश्नांसाठी वेगळी चौकट आहे हे सूत्रसंचालकाने कितीही वेळा सांगितलं तरी काही जण चॅटमध्येच विचारतात, आणि हे प्रश्न त्या अहवालात येत नाहीत. चॅट जतन केलेली फाइल घेताना ती कोणी जतन केली हेही बघा, कारण त्या माणसाला दिसलेलेच संदेश तिच्यात असतात. तिसरं ठिकाण म्हणजे आवाज. हात वर करून माइकवरून विचारलेले प्रश्न लेखी स्वरूपात कुठेच नसतात, ते रेकॉर्डिंग ऐकूनच मिळतात.

आमच्या रक्तदाबाच्या सत्रात अहवालात 41 ओळी होत्या, चॅटमध्ये 9 प्रश्न आणि माइकवरून 3. नुसत्या अहवालावर काम भागवलं असतं तर बारा प्रश्न सुरुवातीलाच गळले असते.

अहवाल एक्सेलमध्ये उघडला की मराठी प्रश्नांच्या जागी à¤ अशी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फाइल खराब आहे का?

फाइल चांगली आहे, उघडण्याची पद्धत चुकते आहे. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडू नका. रिकामी शीट उघडा, `Data` मधून `From Text/CSV` निवडा आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` ठेवा. अक्षरं जागेवर येतात. मात्र अक्षरं बिघडलेल्या अवस्थेत फाइल जतन करून टाकू नका. मूळ फाइलची एक प्रत कायम बाजूला ठेवावी.

अहवालात `live answered` असं लिहिलंय. म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर मिळालं, असंच ना?

नाही. आमच्याकडे येणाऱ्या सारांशांमधली निम्म्याहून जास्त गडबड याच एका समजुतीतून होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ती नोंद वक्त्याच्या उत्तरातून होत नाही, सूत्रसंचालकाच्या क्लिकमधून होते. प्रश्न समोर आला की तो `Answer live` दाबतो, प्रश्न वाचून दाखवतो, आणि बोलणं संपलं की तो प्रश्न उत्तर दिलेल्यांच्या यादीत जाऊन बसतो. मधल्या वेळात वक्ता काय बोलला, बोलला की नाही, हे यंत्रणेला कळत नाही. त्यामुळे ती नोंद सांगते एवढंच, की हा प्रश्न कोणीतरी हातात घेतला होता.

प्रत्यक्षात काय काय होतं ते बघा. सूत्रसंचालक दोन प्रश्न एकदम वाचतो, वक्ता दुसऱ्याचं उत्तर देतो, आणि दोन्हीवर क्लिक झालेलं असतं. "नमस्कार, आवाज स्पष्ट येतोय" हा संदेशसुद्धा चौकट मोकळी करायला `Answer live` दाबून बाजूला सारलेला असतो. कधी शेवटच्या मिनिटाला घाईघाईत प्रश्न वाचला जातो, तेवढ्यात आयोजक आभार मानायला सुरुवात करतात, आणि अहवालात मात्र तो उत्तर दिलेला म्हणून उभा असतो.

उलटंही होतं. वक्त्याने मूळ भाषणातच एखाद्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलेलं असतं, म्हणून सूत्रसंचालक तो प्रश्न घेत नाही. अहवालात तो उघडा राहतो आणि टिपणारा त्याला बिनदिक्कत 'अनुत्तरित' लिहितो.

म्हणून अहवालाचा रकाना सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. निकाल कानांनी ठरवायचा, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून.

मग उत्तर मिळालं की नाही हे ऐकून कसं ठरवायचं? प्रत्येकाला वेगळं वाटू शकतं.

वाटू शकतं, म्हणून एकच कसोटी धरा: विचारणाऱ्याला जे ठरवायचं होतं ते या उत्तरावरून ठरवता येईल का? वक्ता किती वेळ बोलला, चांगलं बोलला का, खरं बोलला का, हे सगळं तूर्त बाजूला ठेवा.

या कसोटीवर आम्ही पाच निकाल वापरतो: तोंडी उत्तर मिळालं, लेखी उत्तर मिळालं, अर्धं मिळालं, बगल दिली किंवा पुढे ढकललं, आणि घेतलाच नाही. जास्त प्रकार करू नका. सात-आठ प्रकार केले की दोन माणसं एकाच प्रश्नाला दोन वेगळे निकाल देतात.

तोंडी किंवा लेखी मिळालं आणि घेतलाच नाही, हे ठरवणं सोपं असतं. डोकं लागतं ते मधल्या दोन निकालांना. आमच्या सत्रात एकीने विचारलं, "माझ्याकडे मनगटावरचं यंत्र आहे. त्याचा आकडा चालेल का?" डॉक्टर म्हणाले, "दंडावरचं यंत्र असेल तर उत्तम." वाक्य बरोबर आहे, विषयाला धरून आहे. पण बाईंकडे दंडावरचं यंत्र नाही. आज संध्याकाळी मनगटावरचा आकडा वहीत लिहायचा की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही. निकाल: अर्धं मिळालं.

दुसऱ्याने विचारलं, "घरचा आकडा दवाखान्यातल्यापेक्षा कायम 15 नी कमी येतो. यंत्र बिघडलंय का?" डॉक्टरांनी दवाखान्यात गेल्यावर ताणामुळे काहींचा रक्तदाब कसा वाढतो हे छान समजावलं. तीन मिनिटं गेली. ऐकताना मलाही वाटलं की उत्तर झालं. नंतर कसोटी लावली तेव्हा लक्षात आलं की यंत्र बिघडलंय की नाही हे तपासायचं कसं, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. निकाल: बगल. बगल म्हणजे मुद्दाम टाळलं असा अर्थ नाही, बहुतेक वेळा वक्ता आवडत्या मुद्द्याकडे ओढला जातो. सारांशात हे कसं लिहायचं ते पुढे 'बगल' असं सरळ लिहिण्याच्या प्रश्नात आलंय.

एकाच माणसाने एकाच संदेशात दोन प्रश्न विचारलेत. एक ओळ धरायची की दोन?

दोन, कारण राहून गेलेले प्रश्न बहुधा अशाच जोडप्रश्नांच्या शेपटात लपलेले सापडतात. वक्ता पहिला भाग घेतो आणि दुसरा विसरतो. ऐकणाऱ्यांच्याही ध्यानातून तो जातो.

आमच्याकडचा नमुना असा: "दोन्ही हातांचे आकडे वेगळे येतात. कोणता धरायचा? आणि फरक किती असला तर डॉक्टरांना दाखवायचं?" वक्त्यांचं उत्तर होतं, "ज्या हाताचा आकडा जास्त येतो तो हात ठरवून टाका, पुढे कायम त्याच हातावर मोजा. चला, पुढचा प्रश्न." अहवालात एक ओळ, `live answered`. सारांशात ती अशी दोन झाली:

*प्रश्न: दोन्ही हातांचे आकडे वेगळे आले तर कोणता धरावा?*
*उत्तर: ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरावा. (तोंडी, रेकॉर्डिंग 52:10)*

*प्रश्न: दोन हातांत किती फरक असला तर डॉक्टरांना दाखवावं?*
*उत्तर राहिलं. वरच्या प्रश्नासोबत विचारला होता, घेतला गेला नाही.*

विचारणाऱ्यासाठी यातला दुसरा प्रश्न जास्त काळजीचा होता, हे वेगळं सांगायला नको.

एक मर्यादा पाळा. "कसं मोजायचं आणि कधी मोजायचं" अशी जोडी तोडायची. पण "कॉफी प्यायल्यावर लगेच मोजलं तर चालेल का, म्हणजे आकडा वाढतो म्हणतात म्हणून विचारलं" हा एकच प्रश्न आहे, 'म्हणजे'च्या पुढचं सगळं कारण आहे. ते तोडलंत तर प्रश्नांची संख्या उगाच फुगते.

सारखे प्रश्न एकत्र केले तर चालतात का?

चालतात, आणि करायलाच हवेत, नाहीतर एकच उत्तर सहा वेळा लिहावं लागेल. फक्त शब्द सारखे आहेत म्हणून एकत्र करू नका. दोघांना एकाच उत्तराने समाधान मिळेल का ते बघा.

"कॉफीनंतर किती वेळाने मोजायचं?" आणि "रोज कॉफी प्यायल्याने रक्तदाब कायमचा वाढतो का?" हे दोन्ही प्रश्न कॉफीचेच. पहिल्याचं उत्तर 'अर्ध्या तासाने' असं दोन शब्दांत संपतं. दुसरा सवयीबद्दल आहे आणि त्याला त्या अर्ध्या तासाचा काही उपयोग नाही. हे दोन एकत्र करून पुढे 'उत्तर मिळालं' लिहिलं, की दुसरा प्रश्न नकळत गडप होतो. एकत्र करण्याच्या घाईत राहिलेला प्रश्न मिळालेल्याच्या पोटात जाऊ नये, एवढं सांभाळा.

एकत्र केलेल्या प्रश्नापुढे किती जणांनी विचारला ते कंसात लिहावं. "(4 जणांनी)" असं दिसलं की वक्त्याला पुढच्या सत्रात काय आधी सांगायचं ते कळतं.

माझी बेरीज कधीच जुळत नाही. अहवाल म्हणतो 8 प्रश्न उघडे, माझ्या यादीत 13. कोणाचं बरोबर?

दोन्ही बरोबर असू शकतं, कारण दोघं वेगळ्या गोष्टी मोजतात. आमच्या सत्रात हाच आकडा आला होता, म्हणून तोच सोडवून दाखवतो.

तिन्ही ठिकाणचं मिळून 53 नोंदी होत्या. त्यातल्या 6 नुसत्या नमस्कार-आभाराच्या, त्या काढल्या. 11 पुनरावृत्ती होत्या, त्या मूळ प्रश्नात मिळवल्या. उरले 36. चार जोडप्रश्न तोडले, म्हणून झाले 40. ही 40 ची यादी गोठवायची, पुढची सगळी बेरीज हिच्यावर.

ऐकून निकाल लावले ते असे: 21 ना तोंडी उत्तर, 6 ना लेखी, 3 अर्धे, 2 बगल किंवा पुढे ढकललेले, आणि 8 घेतलेच नाहीत. बेरीज 40. पूर्ण उत्तर न मिळालेले म्हणजे 3, 2 आणि 8 मिळून 13.

आता गंमत बघा. अहवालातही 8 उघडे होते आणि माझ्याही यादीत 8 'घेतलेच नाहीत'. आकडा सारखा दिसला म्हणून मी क्षणभर सुखावलो. ओळीला ओळ लावून पाहिली तर दोन्हींत समान प्रश्न फक्त 2 निघाले. अहवालातल्या बाकीच्या सहा उघड्या ओळींत तीन नमस्कार होते, दोन आधी उत्तर मिळालेल्या प्रश्नांच्या पुनरावृत्ती होत्या आणि एकाचं उत्तर भाषणातच येऊन गेलं होतं. माझ्या यादीतले बाकीचे सहा कुठले? तीन चॅटमधले, दोन जोडप्रश्नांच्या शेपटातले, आणि एक शेवटच्या मिनिटाला वाचून सोडून दिलेला.

तेव्हा आकडा जुळला म्हणून थांबू नका. प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक द्या, मूळ ठिकाण लिहा, आणि कुठली नोंद कुठल्या क्रमांकात गेली ते शीटवर दिसू द्या. कोणी "माझा प्रश्न कुठे गेला?" असं विचारलं तर मिनिटभरात दाखवता आलं पाहिजे.

अहवालातल्या वेळा आणि रेकॉर्डिंगमधल्या वेळा जुळत नाहीत. प्रश्न शोधायचा कसा?

अहवालात घड्याळाची वेळ असते, रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीपासूनची मिनिटं. शिवाय अहवालातली वेळ प्रश्न टाइप झाल्याची असते, घेतला गेल्याची नाही. पहिल्या दहा मिनिटांत टाकलेला प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत वाचला जाऊ शकतो.

चॅटमधला एखादा संदेश आणि त्याला वक्त्याने तिथल्या तिथे दिलेला प्रतिसाद अशी एक खूण सुरुवातीला शोधा, तशीच एक शेवटाकडे. दोन्ही खुणांपाशी घड्याळाच्या आणि रेकॉर्डिंगच्या वेळेतला फरक तेवढाच आला तर तो सगळीकडे वापरा. वेगळा आला तर मधे कुठेतरी रेकॉर्डिंग थांबवलं होतं. तसं झालं असेल तर ती मिनिटं तुमच्याकडे नाहीत, आणि त्या वेळात घेतलेल्या प्रश्नांबद्दल सूत्रसंचालकाला विचारल्याशिवाय 'घेतलाच नाही' लिहू नका.

वक्ता म्हणाला "याचं उत्तर मी ईमेलने कळवतो." हा मिळालेला धरायचा का?

सारांश करताना उत्तर हातात नाही, म्हणजे मिळालेलं नाही. 'पुढे ढकललं' असं लिहा आणि सोबत तीन गोष्टी टिपा: कोणी कबूल केलं, कोणाला कळवायचं, आणि कधीपर्यंत. तिसरी गोष्ट वक्ता बहुधा बोललेलाच नसतो. मग सारांश पाठवतानाच त्याला विचारा.

"आपण सत्रानंतर बोलू" हे वाक्य याहून निसरडं आहे. ते बोलणं झालंच तरी बाकीच्यांना कळत नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं असेल, पण सारांश वाचणाऱ्यांसाठी प्रश्न अजून उघडाच आहे, म्हणून निकालही तोच राहतो.

'बगल दिली' असं सरळ लिहिलं तर वक्ता दुखावतो. मग कसं लिहायचं?

आमच्या कामाच्या शीटवर 'बगल' हा शब्द असतो, बाहेर जाणाऱ्या सारांशात नसतो. बाहेर काय सांगितलं गेलं ते आधी लिहायचं आणि काय राहिलं ते नंतर. वर सांगितलेल्या यंत्राच्या प्रश्नाचं आम्ही असं लिहिलं: "दवाखान्यात ताणामुळे रक्तदाब जास्त येऊ शकतो, असं वक्त्यांनी सांगितलं. यंत्र बरोबर आहे का हे घरी कसं तपासावं, यावर बोलणं झालं नाही."

यात आरोप नाही आणि लपवाछपवीही नाही. "समाधानकारक उत्तर मिळालं नाही" असं लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा. तो तुमचा शेरा होतो. काय बोललं गेलं नाही, हे मात्र रेकॉर्डिंग लावून कोणीही पडताळू शकतं.

राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. लिहून टाकू का?

नको. सारांश म्हणजे त्या सत्रात काय झालं याची नोंद. तुमचं उत्तर बरोबर असलं तरी वाचणारा ते वक्त्याचं समजेल, आणि चुकलं तर वक्त्याच्या नावावर चुकेल. आरोग्य, पैसा, कायदा अशा विषयांत तर हात आवरलेलाच बरा.

कच्ची उत्तरं लिहून वक्त्याला पाठवायची असतील तर खुशाल पाठवा. वक्त्यालाही तयार मसुदा तपासणं सोपं जातं. त्याने मान्य केलं की ते उत्तर त्याचं, आणि पुढे 'सत्रानंतर लेखी' असं नोंदवायचं.

वक्त्याचं उत्तर चुकलंय असं वाटलं तर?

जे बोललं गेलं ते तसंच लिहा, गुपचूप दुरुस्त करू नका. मात्र सारांश बाहेर जाण्याआधी वक्त्याला तेवढं वाक्य आणि रेकॉर्डिंगमधली वेळ पाठवून विचारा. त्याने दुरुस्ती दिली तर मूळ उत्तर, आणि खाली "वक्त्यांची नंतरची दुरुस्ती" अशी वेगळी ओळ. बोलताना आकडा इकडचा तिकडे कोणाचाही होतो. दोन वक्ते असतील आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं असेल तर दोन्ही मतं नावांसकट द्या. त्याचा निकाल 'उत्तर मिळालं' असाच राहतो, एकमत व्हायलाच हवं असं नाही.

विचारणाऱ्याचं नाव द्यायचं का?

शक्यतो नको. नाव लिहिल्याने उत्तर जास्त चांगलं कळत नाही. शीटवर मात्र ठेवा, नंतर उत्तर पाठवायला लागतं. ज्यांनी नाव लपवून विचारलं त्यांना अहवालातून शोधता येत नाही, तेव्हा त्यांच्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर पोचवायचा सारांश हाच एक मार्ग असतो.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं मात्र समजू नका. "मी 58 वर्षांची, अमुक गोळी घेते, मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं" असा प्रश्न तसाच छापला तर ओळखीची माणसं ओळखतात. प्रश्नाचा गाभा ठेवा, आयुष्याचे तपशील काढा. आणि वक्त्याने एखाद्याला खासगीत टाइप करून दिलेलं उत्तर दोघांना विचारल्याशिवाय सारांशात घेऊ नका.

सूत्रसंचालकाने `Dismiss` केलेले प्रश्न 'राहिलेले' धरायचे का?

कारण पाहून. जाहिरात, शिवीगाळ, दुसऱ्याच विषयावरचं भाषण असेल तर यादीत घ्यायचं नाही. शीटवर 'वगळलं' आणि कारण लिहायचं, संपलं. विषयाला धरून असलेला पण अडचणीचा प्रश्न बाजूला सारला असेल तर तो 'घेतलाच नाही' मध्ये येतो.

मधला एक प्रकार म्हणजे सत्रात उत्तर देणंच योग्य नव्हतं असा प्रश्न. "माझी गोळी अर्धी केली तर चालेल का?" याला डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे सांगता येणार नाही." मी हे उत्तर मिळालं असं धरतो. विचारणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळलं, म्हणजे आपली कसोटी पास.

आयोजक म्हणतात, राहिलेल्या प्रश्नांची यादी काढून टाका, वाईट दिसतं. काय करू?

एकदा मीही काढली होती. आठवड्याभरात तिघांनी आयोजकांना लिहिलं की आमचे प्रश्न गाळले, आणि मग ती यादी खुलाशासकट पाठवावी लागली. ते जास्त वाईट दिसलं.

आयोजकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं. पानाच्या सुरुवातीलाच "13 प्रश्न अनुत्तरित" असा मथळा कोणालाही टोचेल. यादी शेवटी ठेवा, शीर्षक "पुढे घ्यायचे प्रश्न" असं द्या, आणि प्रत्येकापुढे काय होणार ते लिहा: वक्त्याकडे पाठवला, पुढच्या सत्रात घेणार, किंवा या सत्राच्या कक्षेबाहेर. संख्या लपवायची नाही, हे एवढं मात्र सोडू नका.

सारांश गेल्यावर उत्तरं येऊ लागली. जुनी नोंद बदलायची का?

निकाल पुसू नका, त्याच्या खाली भर घाला. आमच्या यादीतल्या हातांच्या फरकाच्या प्रश्नाला सहाव्या दिवशी डॉक्टरांचं उत्तर आलं. "उत्तर राहिलं" ही ओळ तशीच ठेवून खाली "सत्रानंतर लेखी" असं लिहून उत्तर आणि तारीख जोडली, आणि विचारणाऱ्याला वेगळं कळवलं. जुनी ओळ पुसली असती तर रेकॉर्डिंग ऐकणारा 52 व्या मिनिटाला ते उत्तर शोधत बसला असता.

महिनाभर वाट बघूनही उत्तर आलं नाही तर वक्त्याला एकदा आठवण करा आणि यादी बंद करा. बंद करताना त्या ओळीपुढे "उत्तर आलं नाही" एवढं लिहून ठेवा. आमच्या 13 पैकी 9 ना उत्तरं आली. मनगटावरच्या यंत्राचा प्रश्न अजून तसाच आहे.